ट्रेडमिलवर इंटरव्हल: नवख्यांसाठी आठ आठवड्यांचा क्रम

रोज अर्धा तास ट्रेडमिलवर एकाच वेगाने चालणाऱ्यांची एक तक्रार जिममध्ये कायम ऐकू येते. पहिल्या महिन्यात बरं वाटलं, मग गाडी अडली. चालणं सोपं झालं, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढला की धाप लागतेच. मग एक दिवस माणूस वैतागून वेग वाढवतो, पळायला लागतो, तीन मिनिटांत छाती भरून येते आणि तो मशीन बंद करतो. मीही या वाटेने गेलो आहे. चालणं कमी पडतं आणि पळणं झेपत नाही, अशा माणसाला इंटरव्हलचा, म्हणजे थोडा वेळ जोर आणि मग थोडा वेळ चाल असं आलटून-पालटून करण्याचा, खरा उपयोग होतो.

समजा, ताशी ७.५ किलोमीटरने तुम्ही सलग तीन मिनिटं पळू शकता आणि चौथ्या मिनिटाला संपता. तोच वेग एकेका मिनिटाच्या तुकड्यांत घेतला आणि मध्ये दोन-दोन मिनिटं चाललात, तर एका सत्रात सहा ते आठ मिनिटं त्या वेगाने पळून होतात. हृदयाला आणि पायांना दुप्पट वेळ जोरकस काम मिळतं, तरीही तुम्ही मोडून पडत नाही. चालण्याच्या दोन मिनिटांत श्वास बराच खाली येतो, पण नाडी पूर्ण खाली येत नाही, त्यामुळे पुढचा तुकडा थोड्या वरच्या पायरीवरून सुरू होतो. स्टॅमिना वाढतो तो या जोराच्या मिनिटांच्या बेरजेतून. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत लक्ष एकाच गोष्टीवर आहे: ही बेरीज हळूहळू कशी वाढवायची आणि वेगाला शक्यतो हात कसा लावायचा नाही.

उदाहरणासाठी माझ्या मावसबहिणीचं वेळापत्रक घेतो. वय ३८, नाशिकला शाळेत शिक्षिका, गुडघे ठीक, कुठलंही औषध नाही, रोज अर्धा तास चालायची सवय. पळण्याचा अनुभव शून्य. आम्ही दोघांनी बसून तिचा क्रम आखला आणि तिने तो आठ आठवडे पाळला.

## १. आधी डॉक्टर कुणी गाठायचा

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, घरात कमी वयात कुणाला हार्ट अटॅक आलेला, चालताना छातीत दडपण किंवा चक्कर, किंवा चाळिशी उलटून गेली आणि बरीच वर्षं व्यायाम नाही, यांपैकी काहीही असेल तर इंटरव्हलच्या आधी डॉक्टरांना विचारा. ते कदाचित टीएमटी करायला सांगतील. ती तपासणीही ट्रेडमिलवरच होते: छातीला तारा लावून दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत नेतात आणि ईसीजी बघतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर जोराच्या व्यायामात एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा व्यायामाची वेळ आणि औषधाची वेळ यांचा मेळ डॉक्टरांकडूनच घालून घ्या.

सत्र चालू असताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा नाडी उड्या मारल्यासारखी अनियमित लागली, तर तिथेच थांबा. अशा वेळी 'उरलेला एक तुकडा संपवू' म्हणू नका.

## २. काय काय लागेल

फार काही लागत नाही:

- पळण्याचे बूट. चालण्याचे जुने, एका बाजूने झिजलेले बूट नकोत. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी.
- पाण्याची बाटली आणि घाम पुसायला नॅपकिन.
- छोटी वही, किंवा फोनमधली नोंद. किती तुकडे, कोणता वेग, शेवटचा तुकडा कसा गेला, एवढंच लिहायचं.
- पंखा. याचं महत्त्व फार जणांना कळत नाही.

रस्त्यावर पळताना तुमच्या हालचालीनेच अंगावर वारा येतो. ट्रेडमिलवर तुम्ही एकाच जागी असता, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत, आणि नागपूरकडे एप्रिल-मे महिन्यात, त्याच वेगाला नाडी बरीच वर जाते. पंखा समोरून लागेल असं मशीन निवडा. तशी सोय नसेल तर त्या दिवसांत वेग अर्ध्या किलोमीटरने कमी ठेवा. तुमचा स्टॅमिना घटलेला नसतो, उकाडा वाढलेला असतो.

घरचं ट्रेडमिल असेल तर ते १६ अँपिअरच्या वेगळ्या सॉकेटला थेट लावा. एक्स्टेंशन बोर्डवर मोटरला पुरेसा करंट मिळत नाही, वायर तापते आणि वेग वाढवायच्या क्षणीच पट्टा अडखळतो.

## ३. मशीनशी ओळख करून घ्या

पहिल्या दिवशी इंटरव्हल करूच नका. मशीनवर पंधरा मिनिटं फक्त चाला आणि चार गोष्टी बघा.

पहिली, स्क्रीनवर वेग कशात दिसतोय. काही मशीनवर `km/h` असतं, काहींवर `mph`. मैलांतलं ६ म्हणजे ताशी जवळपास ९.७ किलोमीटर. चालण्याचा आकडा समजून ६ दाबलं आणि पट्टा पळायला लागला, असं जिममध्ये अधूनमधून कुणाचं तरी होतंच.

दुसरी, पट्ट्याला वेग घ्यायला किती वेळ लागतो. ५ वरून ७.५ दाबून बघा. बहुतेक मशीनना यासाठी काही सेकंद लागतात, जुन्या किंवा घरगुती मशीनना त्याहून जास्त. हा वेळ पुढच्या हिशोबात लागणार आहे.

तिसरी, सेफ्टी की. दोरीला चिमटा असलेली ती लाल चावी बहुतेक जण लोंबकळत सोडतात. चिमटा टी-शर्टला लावा आणि एकदा मुद्दाम ओढून बघा, म्हणजे पट्टा कसा थांबतो ते कळेल. वीज गेली तरी पट्टा असाच अचानक मंदावतो. तेव्हा दांडी धरून दोन्ही पाय बाजूच्या पट्ट्यांवर टेकायचे, हे आधीच हाताला-पायाला माहीत असलेलं बरं.

चौथी गोष्ट दांडीचीच. वेग बदलताना दांडीला हात लावायला हरकत नाही. पण चढावर किंवा जोराच्या तुकड्यात दांडीला लटकून चालाल, तर वजनाचा काही भाग हातांवर जातो आणि पाय-हृदय दोघांचं काम कमी होतं. स्क्रीनवर चढ ८ दिसतो, शरीराला मात्र त्याहून कितीतरी कमी जाणवतो. दांडी धरल्याशिवाय झेपत नसेल तर आकडा खाली आणा.

## ४. तुमचे दोन वेग शोधा

इंटरव्हलला दोनच वेग लागतात: सावरण्याचा आणि जोराचा. ते दुसऱ्याकडून उसने घेता येत नाहीत. ते शोधायची सोपी रीत अशी.

ताशी ४.५ ने पाच मिनिटं चाला. मग दर दोन मिनिटांनी वेग अर्ध्या किलोमीटरने वाढवा, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी आपला घरचा पत्ता पिनकोडसकट मोठ्याने म्हणा. आजूबाजूला लोक असतील तर पुटपुटा, पण ओठ हलवून म्हणा. ज्या वेगाला सगळा पत्ता सहज, मध्ये न थांबता म्हणता येतो, तो तुमचा सावरण्याचा वेग. ज्या वेगाला तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावाच लागतो, पण दोन मिनिटं पूर्ण करता येतात, तो जोराचा. एकच शब्द कसाबसा निघत असेल तर तुम्ही पुढे गेलात, अर्धा किलोमीटर मागे या.

बहिणीचे आकडे आले ५.० आणि ७.५. इथे एक खाचखळगा आहे. साधारण ६.५ ते ७.२ या पट्ट्यात बहुतेक माणसांना चालणंही अवघड जातं आणि पळणंही. चालायला गेलं तर नडगीचे स्नायू भरून येतात, पळायला गेलं तर पाऊल अडखळतं. जोराचा वेग या पट्ट्यात येत असेल तर ७.५ पर्यंत नेऊन अगदी छोट्या पावलांनी हलकं जॉगिंग करा, किंवा पुढे दिलेला चढाचा मार्ग घ्या.

चढाचा मार्ग कुणाचा? गुडघे कुरकुरतात, वजन बरंच आहे, किंवा पळायचंच नाही, अशांचा. वेग ५.० च ठेवायचा आणि जोराच्या तुकड्यात इन्क्लाइन ५ ते ६ वर न्यायचा. सपाटीवर ५ ने चालण्यापेक्षा ६ टक्के चढावर त्याच वेगाने चालायला शरीराला साधारण पावणेदोन पट ऑक्सिजन लागतो, पण पावलागणिक बसणारा धक्का पळण्याइतका नसतो. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर मात्र ताणली जाते, म्हणून चढ आठवड्याला एका टक्क्यापेक्षा जास्त वाढवू नका. बाकी सगळं वेळापत्रक तेच.

पळताना इन्क्लाइन १ ठेवायलाच हवा, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. हा नियम १९९६ सालच्या एका अभ्यासातून आला. तो सरावलेल्या धावपटूंवर, ताशी साडेदहा किलोमीटरच्या वरच्या वेगांवर झाला होता. त्या वेगाला बाहेरच्या वाऱ्याचा अडथळा भरून काढायला तेवढा चढ लागतो. ७.५ ला त्याने फारसा फरक पडत नाही. ० किंवा १, काहीही ठेवा, फक्त रोज तेच ठेवा.

## ५. एका सत्राचा साचा

सुरुवातीची आठ मिनिटं वॉर्म-अप: चार मिनिटं सावरण्याच्या वेगापेक्षा जरा हळू, तीन मिनिटं सावरण्याच्या वेगाने, आणि शेवटचं एक मिनिट दोन्हींच्या मधल्या वेगाने. यात कपाळावर हलका घाम यायला हवा. थंड अंगाने पहिला तुकडा घेतला की तोच सर्वांत जड जातो आणि माणूस 'आज जमणार नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढतो.

मग तुकडे. पहिल्या आठवड्यात एक मिनिट जोराचं, दोन मिनिटं सावरण्याची, असे सहा. मिनिट मोजायचं ते पट्ट्याने पूर्ण वेग घेतल्यावर. उतरतानाही तसंच: पट्टा सावरण्याच्या वेगाला आला की दोन मिनिटं सुरू. मघाशी पट्ट्याचा वेळ बघायला सांगितलं ते यासाठी. आणि वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती असले प्रकार ट्रेडमिलवर का बसत नाहीत, तेही यावरून कळेल. तो 'तबाता' प्रकार जपानच्या इझुमी तबाता यांच्या १९९६ च्या संशोधनामुळे गाजला, पण ते प्रयोग जागेवरच्या सायकलवर झाले होते आणि जोर जवळपास कमाल होता. ट्रेडमिलवर दहा सेकंदांत पट्टा खाली येऊन परत वर जात नाही. मग लोक पळत्या पट्ट्यावरून बाजूला उडी मारतात आणि परत उडी मारून चढतात. नवख्याने हे करू नये.

सावरण्याच्या दोन मिनिटांत उभं राहू नका, चालत राहा. पायांतलं रक्त पोटऱ्यांच्या हालचालीने वर ढकललं जातं. एकदम थांबलात की ते पायांतच साचतं आणि गरगरल्यासारखं होतं. शेवटची पाच मिनिटं कूल-डाउन याच कारणासाठी असतात: ५ वरून ४, मग ३. उतरल्यावर जमीन पुढे सरकतेय असं काही क्षण वाटेल. ते नेहमीचंच आहे, तेवढ्यापुरतं दांडी धरून उभे राहा.

संध्याकाळी गर्दीच्या वेळी बऱ्याच जिममध्ये एका माणसाला ट्रेडमिल वीस किंवा तीस मिनिटंच मिळतं. तसं असेल तर वॉर्म-अप सायकलवर उरकून घ्या आणि कूल-डाउन हॉलमध्ये चालून करा. कापाकापी करायचीच झाली तर दोन तुकडे कमी करा. सावरण्याची मिनिटं कापू नका.

मशीनमधल्या तयार 'इंटरव्हल' प्रोग्रॅमच्या नादी सुरुवातीला लागू नका. बऱ्याचदा तो कमाल वेग विचारून बाकीचे आकडे स्वतःच ठरवतो, आणि ते तुमच्या दोन वेगांशी जुळतीलच असं नाही.

## ६. आठ आठवडे

आठवड्यातून दोनच दिवस इंटरव्हल, मध्ये किमान दोन रात्री. बहिणीने मंगळवार आणि शुक्रवार ठरवले. आणखी दोन दिवस अर्धा-पाऊण तास सावरण्याच्या वेगाने नुसतं चालणं. उत्साह असला तरी तिसरा इंटरव्हलचा दिवस घेऊ नका.

खालच्या सगळ्या सत्रांना आठ मिनिटं वॉर्म-अप आणि पाच मिनिटं कूल-डाउन जोडून घ्या.

- आठवडा १: १ मिनिट जोर, २ मिनिटं चाल, ६ वेळा
- आठवडा २: तेच, ८ वेळा
- आठवडा ३: २ मिनिटं जोर, २ मिनिटं चाल, ५ वेळा
- आठवडा ४: पुन्हा १ मिनिट जोर, २ मिनिटं चाल, ६ वेळा
- आठवडा ५: २ मिनिटं जोर, २ मिनिटं चाल, ६ वेळा
- आठवडा ६: ३ मिनिटं जोर, २ मिनिटं चाल, ४ वेळा
- आठवडा ७: तेच, ५ वेळा
- आठवडा ८: ४ मिनिटं जोर, ३ मिनिटं चाल, ४ वेळा

जोराच्या मिनिटांची बेरीज करून बघा: ६, ८, १०, मग मुद्दाम ६, नंतर १२, १२, १५, १६. वेग मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तुकड्यांची संख्या, मग तुकड्याची लांबी, आणि वेग सर्वांत शेवटी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि सत्र कोसळलं, तर कशामुळे कोसळलं ते कळत नाही.

चौथा आठवडा हलका का, यावर बहिणीने बराच वाद घातला. तिला तेव्हा छान वाटत होतं, आणि नेमकं म्हणूनच तो हलका ठेवायचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं, आणि दम लवकर सुधारतो. हाडं आणि स्नायूबंध यांना मात्र महिने लागतात. छाती 'अजून पळ' म्हणत असते आणि नडगी अजून जुन्याच ताकदीची असते. नवख्यांची दुखणी बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या दरम्यान निघतात, ती या तफावतीमुळे.

तिचंही तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात तुकडा एकाचा दोन मिनिटांचा झाल्यावर उजव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. मी शेजारी उभं राहून ऐकलं, तर दुसऱ्या मिनिटाला पट्ट्यावर धप-धप आवाज मोठा होत होता. दमली की ती पाऊल लांब टाकायची आणि टाच शरीराच्या बरीच पुढे आपटायची. मी तिला एकच गोष्ट सांगितली: वेग तोच, पण पावलं लहान आणि जास्त. आवाज कमी होतोय का ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं. चौथा हलका आठवडा तिने चढाच्या मार्गाने चालून काढला आणि पाचव्यात परत पळायला आली.

नडगी दुखली तर अंगठ्याने आतल्या कडेवर वरून खाली दाबत जा. दुखणं बोटभर लांबीवर पसरलेलं असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर आठवडाभर पळणं बंद करून चढावर चालणं पुरतं. पण एकाच बिंदूवर दाबलं की कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, किंवा लंगडावं लागत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता धरून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यावर मलम चोळून पळत राहू नका.

## ७. सत्र बरोबर गेलं का, कसं ओळखायचं

तीन ठिकाणी बघा.

शेवटचा तुकडा. पहिला आणि शेवटचा एकाच वेगाने पूर्ण झाले पाहिजेत. शेवटचा जड जाईल, पण पळण्याची ढब मोडायला नको. संपल्यावर 'अजून एक झाला असता' असं वाटलं तर सत्र नेमकं बसलं. 'अजून चार झाले असते' वाटलं तर पुढच्या आठवड्याला जायला तुम्ही तयार आहात.

सावरण्याचा शेवट. चालण्याची दोन मिनिटं संपताना पुन्हा पत्ता म्हणून बघा. पूर्ण म्हणता आला तर पुढचा तुकडा घ्या. मध्येच अडखळलात तर एक मिनिट जास्त चाला. सलग दोन तुकड्यांनंतर हे झालं तर जोराचा वेग चढा आहे, तो ०.५ ने उतरवा. नवखे इथे उलटं करतात. वेग तसाच ठेवून दात-ओठ खात तिसरा-चौथा तुकडा काढतात आणि उरलेले सोडून देतात. मग सहाऐवजी चारच मिनिटं जोर झाला, म्हणजे आठवडा मागे गेला.

दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाय जरा जड असणं ठीक. पण अंथरुणातली नाडी रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके वर असेल, झोप तुटक झाली असेल किंवा जिना उतरताना मांड्या थरथरत असतील, तर पुढचं सत्र एक दिवस लांबवा.

आता नाडीच्या आकड्याबद्दल. एका मिनिटाच्या तुकड्यात तो बघत बसू नका. नाडी कामाच्या मागून येते. मिनिट संपतं तेव्हा ती अजून चढतच असते, आणि तुम्ही चालायला लागल्यावरही काही सेकंद वरच राहते. आकडा कमी दिसतोय म्हणून वेग वाढवला की पुढच्या तुकड्यात फसगत ठरलेली. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या पळताना तर बेभरवशाच्या असतात, घामट हात हलला की आकडा भरकटतो. वयावरून कमाल नाडी काढायची सूत्रंही सरासरीची आहेत. ३८ व्या वर्षी एका सूत्राने १८१ येते, दुसऱ्याने १८२, आणि प्रत्यक्ष माणसाची त्याहून दहा-पंधराने वर किंवा खाली असू शकते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर नाडी मुळातच दाबलेली असते, मग ही सूत्रं लावताच येत नाहीत. पत्त्याची परीक्षा सगळ्यांना चालते.

## ८. प्रगती मोजायची रीत

नाडी एका ठिकाणी मात्र फार उपयोगी पडते. पहिल्या सत्राच्या आधी, चौथ्या आठवड्याच्या शेवटी आणि आठव्या आठवड्यानंतर एक छोटी चाचणी घ्या. पाच मिनिटं ५.० ने, मग सलग पाच मिनिटं ६.० ने चाला, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात नाडी बघा. नाडी दाखवणारं घड्याळ नसेल तर पाय बाजूला टेकून मनगटावर १५ सेकंद ठोके मोजा आणि चाराने गुणा. मशीन तेच, वेळ तीच, चहा-कॉफी आधी दोन तास नाही. दोन मशीनवरचा सारखा आकडा म्हणजे सारखा वेग असतोच असं नाही, म्हणून मशीन बदलू नका.

बहिणीची नाडी सुरुवातीला १४८ होती, चौथ्या आठवड्यानंतर १४१ आणि शेवटी १३५. त्याच कामाला हृदय मिनिटाला तेरा ठोके कमी मारत होतं. दोन-तीन ठोक्यांच्या फरकाला मात्र काही अर्थ लावू नका, तेवढा फरक अपुऱ्या झोपेनेही पडतो.

## ९. आठवडा चुकला तर, आणि नंतर काय

ताप, प्रवास, परीक्षेचं काम, काहीतरी येतंच. एक सत्र हुकलं तर ते भरून काढायला जाऊ नका, पुढचं घ्या. पूर्ण आठवडा गेला तर आधीचा आठवडा पुन्हा करा. दोन आठवडे गेले तर दोन आठवडे मागे जा. ताप आला असेल तर तो उतरल्यावर काही दिवस नुसतं चाला, मगच तुकडे.

आठव्या आठवड्याचा चार-चारचा साचा हा नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइम इथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीसारखाच दिसतो. पण त्यांच्याकडे जोराच्या चार मिनिटांत नाडी कमालीच्या ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत नेतात. तुमचा आठवा आठवडा त्यापेक्षा सौम्य आहे आणि तसाच असू दे. इथून पुढे वेगाला हात लावायला हरकत नाही: दोन आठवड्यांतून एकदा, ०.२ किंवा ०.३ ने, आणि तोही तुकड्याची लांबी तीन मिनिटांवर आणून. बहिणीने ७.५ वरून ७.८ केला तेव्हा पहिल्या दिवशी चारच तुकडे घेतले, पुढच्या आठवड्यात पाच.

रस्त्यावर पळायचं असेल तर पहिल्या दिवशी आकड्यांकडे बघूच नका. तिथे वेग पट्टा ठरवत नाही, त्यामुळे जवळपास प्रत्येक जण पहिलं मिनिट फार जोरात पळतो. पत्ता म्हणत पळा, तीन-चार शब्दांवर श्वास येईल तो वेग धरा, आणि दोन मिनिटं जोर, दोन मिनिटं चाल या पाचव्या आठवड्याच्या साच्यापासून सुरू करा.